भागाकार बरोबर, ग्रेड मात्र सी

हिरड्यांच्या आजाराच्या सराव केसवर चर्चेत आलेला प्रश्न: "हाडाची झीज ५० टक्के, वय ६२, भागाकार ०.८ येतो. मग ग्रेड बी बरोबर ना?"

भागाकार बरोबर आहे, पण तो फक्त सुरुवातीचा ग्रेड, म्हणजे आजार किती वेगाने वाढतो याचा अंदाज, देतो. ०.२५ ते १ म्हणजे बी, हे खरंच. त्यानंतर जोखीम घटक तपासायचे, आणि ते ग्रेड वरच नेतात, खाली कधीच आणत नाहीत. तुमच्या केसमध्ये मधुमेह आहे आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची रक्तातली सरासरी साखर, ७.८ टक्के आहे. मधुमेही रुग्णात ७ किंवा त्याहून जास्त आकडा असला की ग्रेड सी. रोज १० किंवा जास्त सिगारेटी असत्या, तरी तेच झालं असतं. सराव परीक्षेत मीही बी लिहून थांबले होते आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न रक्तातल्या साखरेचाच विचारला.

स्टेजबद्दल, म्हणजे आजार किती गंभीर आहे याबद्दल, चर्चेत कुणीच बोललं नाही, आणि खरी चूक तिथे होते. केसमध्ये पाच दात नाहीत म्हणून स्टेज ४ लिहायचा मोह होतो. पण हिस्टरी नीट वाचा: दोन दात किडीमुळे काढले आहेत, ते मोजायचे नाहीत. हिरड्यांच्या आजारामुळे गेलेले तीनच. दोन दातांमधल्या जागेत सर्वाधिक अटॅचमेंट लॉस, म्हणजे दाताचा सुटलेला आधार, ७ मिमी, म्हणजे ५ च्या वर, आणि गेलेले दात चार किंवा कमी, म्हणून स्टेज ३. उरलेले दात हलत, पसरत असते किंवा चावणंच कोलमडलं असतं, तर मात्र तीन दात जाऊनही स्टेज ४ झाली असती. त्यामुळे उत्तरात 'चर्वणक्रिया शाबूत' हे स्पष्ट लिहा.