प्रति: स्पर्धकाचं काम घ्यावं का?

"वेगळी टीम लावली की दोन्ही क्लायंट सांभाळता येतात ना?"

चार माणसांच्या ऑफिसात नाही. नागपुरातल्या बेसा भागातल्या एका बिल्डरच्या गूगल जाहिराती माझ्याकडे होत्या, तेव्हा शेजारच्याच स्कीमवाल्याचा फोन आला. दोघांनाही ‘बेसा 2 बीएचके फ्लॅट’ शोधणारा माणूसच हवा होता. गूगलवर अशा प्रत्येक शोधाला जाहिरातींचा लिलाव होतो. एकाची बोली माहीत असताना दुसऱ्याची कोऱ्या मनाने लावणं शक्यच नाही.

इथे कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे क्रम. नव्याचं बजेट आणि लाँचची तारीख ऐकण्याआधीच त्याला थांबवा. एकदा ऐकलं की काम नाकारलं तरी ते गुपित आपल्याकडे राहतं आणि जुन्याचं काम करताना आड येतं. मी एवढंच विचारलं, "याच भागात आमचा एक क्लायंट आहे, तुमचं नाव सांगून त्यांना विचारू का?" त्याला न विचारता जुन्याला सांगितलं असतं, तर त्याची बातमी मीच फोडली असती. तो हो म्हणाला, जुन्याने साफ नकार दिला, मी नवं काम सोडलं.

जुन्याच्या पुढच्या करारात मात्र लिहून घेतलं: बेसा-मनीषनगरात दुसरा गृहप्रकल्प घेणार नाही, त्याबदल्यात महिन्याची फी वाढवून.