शब्दचर्चा: 'इफेक्ट साइज'ला 'परिणामाचा आकार' म्हणावं का?

शिरोळकरीण: मातीतला सेंद्रिय कर्ब आणि उसाचं एकरी टनेज यांचा सहसंबंध तपासायचाय. किती प्लॉट लागतील हे काढायला आधी इफेक्ट साइज धरावा लागतो. मी 'परिणामाचा आकार' लिहिलं, तर गाईडनी खाली लाल रेघ मारली.

रंकाळावाला: मारणारच की! कर्बामुळं टनेज वाढलं हे कुठं दाखवलंय? शेणखत घालणारा नि वेळेवर पाणी देणारा शेतकरी एकच असतो. 'संबंधाची तीव्रता' लिहा. 0.1 सौम्य, 0.3 मध्यम, 0.5 तीव्र. मध्यम धरा, 85 प्लॉट येतात. विषय संपला.

माळावरचा: आमच्या रिपोर्टात कर्ब 0.4 आलाय. म्हणजे मध्यम न्हवं का?

रंकाळावाला: भावा, तो मातीतला टक्का. इथं वेगळंच चाललंय.

गणिती: 85 बरोबर, पण 5 टक्के सार्थकता आणि 80 टक्के पॉवर धरून. ती 0.1-0.3-0.5 ची पट्टी कोहेननं वर्तनशास्त्रासाठी दिली, तीही हाताशी दुसरं काही नसेल तर वापरायला. शेतात उलटीकडून या: किती टनांचा फरक निसटला तर चालणार नाही? समजा टनेजचं प्रमाण विचलन 10 टन आणि कर्बाचं 0.2 टक्के आहे. कर्बात 0.1 ची वाढ आणि त्यामागं दीड टन, एवढा फरक सापडायला हवा असेल तर चढ 15 झाला. 15 × 0.2 ÷ 10 = 0.3. एक टनही महत्त्वाचा वाटत असेल तर 0.2, आणि प्लॉट 194. समाश्रयण केलंत तरी आकडा हाच. एकच स्वतंत्र चल असताना चढाची कसोटी आणि r ची कसोटी वेगळी नसते.

शिरोळकरीण: पण आधी 20 प्लॉट घेतले होते, त्यात 0.5 आला.

रंकाळावाला: मग तिसातच भागलं!

गणिती: घाई नको. विसांवरून आलेल्या 0.5 चं 95 टक्के विश्वास अंतराल 0.07 ते 0.77 आहे. खरा r 0.3 असला आणि प्लॉट 30 च घेतले, तर तीनपैकी जवळजवळ दोन वेळा हात रिकामेच राहतील. ते 20 निवडले कसे?

शिरोळकरीण: निम्मे क्षारपड पट्ट्यातले, निम्मे नदीकाठचे काळे.

गणिती: तिथंच r फुगला असणार. मधले प्लॉट गाळून दोन टोकं घेतली की तो वाढतो; संबंध सरळ रेषेतला असेल तर चढ फारसा हलत नाही. म्हणून मी 'शोधायचा किमान सहसंबंध' लिहीन. तो आधी ठरवायचा असतो, 'तीव्रता' नंतर मोजायची.

रंकाळावाला: शब्द लांबलचक आहे. आणि दोन गटांच्या सरासरीतला फरक असेल तिथं काय लिहिणार?

गणिती: तिथं चालणार नाही, मान्य.

शिरोळकरीण: एकाच शेतकऱ्याचे दोन-तीन प्लॉट आलेत. ते 85 मध्ये वेगवेगळे मोजायचे का?

गणिती: सरसकट नाही. पाणी, खत, बेणं एकच असेल तर त्यांची माहिती निम्मी-अधिक तीच असते. शेतकरी किती आहेत ते आधी सांगा.