स्पीड लूपमध्ये डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हर: खरंच काही वेगळं, की पीआयलाच नवे कपडे?

लूपवाला
आमच्या सर्वोच्या स्पीड लूपमध्ये लोड टॉर्क कधी किती येईल याचा काही नेम नाही, आणि मला पीआय काढून साधा पी आणि सोबत डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हर टाकायचाय. सीनियर म्हणतात पीआयचा इंटिग्रेटर तेच काम करतो, उगाच नाटकं नकोत. माझं मत असं की लोड माहीत नसेल तर डीओबी हवाच. तुमचं काय म्हणणं?

जुना_इंटिग्रेटर
सीनियर बरोबर आहेत. इंटिग्रेटर पण लोडचा अंदाजच धरून बसतो की, स्टेडी झाल्यावर त्यात जो आकडा साठलेला असतो तोच तुमचा लोड टॉर्क. डीओबी म्हणजे तेच, फक्त प्रेझेंटेशनमध्ये चौकोन दोन जास्त. वीस वर्षं पीआयवर मशिनी चालल्यात आणि चालतील.

फेज_मार्जिन
अर्धं बरोबर आहे काका, पण कुठलं अर्धं ते बघायला आकडे घेऊ, नाहीतर हा वाद कधीच संपत नाही.

जडत्व ०.००१ किलो मीटर वर्ग, टॉर्क कॉन्स्टंट ०.५ न्यूटन मीटर प्रति अँपिअर. नुसता पी घेतला, Kp ०.१, म्हणजे लूप १०० रेडियन प्रति सेकंदाचा. आता १ न्यूटन मीटर लोड अचानक बसला तर स्पीड १० रेडियन प्रति सेकंद खाली जाऊन तिथेच बसतो, जवळजवळ ९५ आरपीएम गेले, परत येणार नाहीत. त्याच पीला g = ३०० चा डीओबी लावला की स्पीड साधारण साडेपाच मिलिसेकंदांत फक्त १.९ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे १८ आरपीएम खाली जातो आणि मग शून्य एररवर परत येतो. अख्खा डीओबी एवढाच, यात Jn म्हणजे मॉडेलमध्ये भरलेलं जडत्व, g म्हणजे ऑब्झर्व्हरची बँडविड्थ आणि d_hat म्हणजे लोड टॉर्कचा अंदाज:

```c
z    += g*Ts*(Kt*i_sat + g*Jn*w - z);
d_hat = z - g*Jn*w;
i_ref = (Kp*(w_ref - w) + d_hat)/Kt;
i_sat = clamp(i_ref, -I_max, I_max);
```

स्पीडचं डेरिव्हेटिव्ह कुठेच घ्यावं लागत नाही, ते फिल्टरच्या आत जिरतं. आता हेच समीकरण उलगडलं तर काय निघतं बघा:

```
T = Kp*e + (Kp*g)*∫e dt - g*Jn*w
```

फीडबॅकच्या बाजूने हा सरळसरळ पीआय आहे, प्रपोर्शनल Kp + g·Jn म्हणजे ०.४ आणि इंटिग्रल Kp·g म्हणजे ३०. हेच दोन आकडे साध्या पीआयमध्ये भरा, लोड बसल्यावर तोच १८ आरपीएमचा खड्डा, तेवढ्याच वेळात, हुबेहूब. लोड रिजेक्शनसाठी डीओबी पीआयपेक्षा भारी हे म्हणणं पहिल्या ऑर्डरच्या फिल्टरपुरतं तरी खोटं आहे.

फरक रेफरन्सच्या बाजूला दिसतो. त्या पीआयला स्पीडचा स्टेप दिला तर ११ टक्के ओव्हरशूट येतो, कारण इंटिग्रेटरसोबत एक झिरो फुकट मिळतो. डीओबीवाल्यात तो झिरो नेमका कटतो आणि लूप १० मिलिसेकंदाच्या साध्या एक्स्पोनेन्शियलसारखा वर चढतो, ओव्हरशूट शून्य.

जुना_इंटिग्रेटर
बघा, मी काय म्हणत होतो. आणि तो ओव्हरशूट पण रेफरन्स वेटिंगने जातो, प्रपोर्शनलमध्ये रेफरन्सचा फक्त पाव हिस्सा घ्यायचा. तुमच्याच आकड्यात ०.१ भागिले ०.४ म्हणजे पाव, तुमचा झिरो पण तिथेच कटला. मग उरलं काय?

फेज_मार्जिन
हो, कटतो, कागदावर दोन्ही एकच. उरते ती ट्यूनिंगची सोय. रेफरन्स किती जोरात पाळायचा ते Kp ठरवतो, लोड किती लवकर ओळखायचा ते g ठरवतो, एक फिरवला की दुसरं हलत नाही. पीआयमध्ये तुम्हाला हे स्वातंत्र्य हवं असेल तर तीन आकडे एकत्र बदलावे लागतात आणि साइटवर तेवढा पेशन्स कुणाला असतो.

कटर_सांभाळणारी
मधेच विचारते. आमच्याकडे ड्राइव्हमध्ये d_hat ऑलरेडी आहे आणि मला त्यावरून टूल बोथट झालं का ते ओळखायचंय, म्हणजे लोड मीटरसारखं वापरायचं. पण प्रत्येक वेळी स्पिंडल स्पीड घ्यायला लागलं की अलार्म वाजतो, कटिंग सुरूच झालेलं नसतं. g कमी करू का? मूळ प्रश्न वेगळा होता माहितीये, पण तुम्ही सगळे इथेच आहात म्हणून.

फेज_मार्जिन
ताई, g ला हात लावू नका, दोष त्याचा नाही. d_hat मध्ये लोड टॉर्क एकटा नसतो, मॉडेलमध्ये जे जे चुकलंय ते सगळं त्यात येऊन पडतं, घर्षण, टॉर्क कॉन्स्टंटची चूक, जडत्वाची चूक, सगळं. समजा Jn ०.००१ भरलंय आणि चक आणि टूल धरून खरं जडत्व ०.००१२ आहे, तर १००० रेडियन प्रति सेकंद वर्गाने स्पीड घेताना ०.२ न्यूटन मीटरचा खोटा लोड दिसणारच. अ‍ॅक्सिलरेशन थांबलं की गायब. तुमचा अलार्म नेमका तेव्हाच वाजतोय यावरून तरी हेच वाटतं. हवेत मोकळं फिरवून अ‍ॅक्सिलरेट करा आणि d_hat मधला तो उंचवटा सपाट होईपर्यंत Jn वाढवा, आणि अलार्म फक्त स्पीड स्थिर असताना चालू ठेवा. पण मोटर तापली की मॅग्नेट कमजोर होतो, म्हणून सकाळी आणि दुपारी एकाच कटला वेगळा आकडा दिसेल, तेवढं गृहीत धरा.

कटर_सांभाळणारी
अच्छा, म्हणजे टूल बदललं की Jn पण बदलायचं. ते कोण करणार रोज :( बघते.

लूपवाला
ओके, लोडच्या बाबतीत दोन्ही सारखे हे पटलं, पण मग g वाढवत गेलो तर? ३०० च्या जागी १००० केला की खड्डा अजून लहान होणार ना, पीआयमध्ये तेवढा गेन घ्यायची हिंमत कुणी करत नाही.

काउंट_मोजणारा
हिंमत डीओबीनेही करू नये राव. २५०० लाइनचा एन्कोडर, चौपट करून १०,००० काउंट, १ मिलिसेकंदाला स्पीड काढताय तर एक काउंट इकडचा तिकडे झाला की स्पीड ०.६३ रेडियन प्रति सेकंदाने उडी मारतो, म्हणजे ६ आरपीएम. g ३०० ला तो Kp + g·Jn म्हणजे ०.४ ने गुणला जातो, पाव न्यूटन मीटर, करंटमध्ये अर्धा अँपिअर. g १००० केला की तेच गुणक १.१ होतं आणि प्रत्येक काउंटला करंट १.४ अँपिअरने झटके देतो. मोटर खरखरते, गरम होते, आणि लोक म्हणतात डीओबी नॉइझी आहे. पीआयला १.१ गेन दिला असता तर त्यानेही तेवढीच खरखर केली असती. एन्कोडर सुधारा, मग g बोला.

आणि खड्डा लहान होतो पण फार नाही. Kp तोच ठेवून ३०० वरून १००० केला तर १८ चे साधारण साडेसात आरपीएम होतात, त्यासाठी नॉइझ पावणेतीनपट.

जुना_इंटिग्रेटर
अठराचे साडेसात म्हणजे चांगलंच की. इथे मी तुमच्या विरुद्ध बोलतोय म्हणजे बघा.

फेज_मार्जिन
g वर जायच्या आधी Jn बद्दल एक गोष्ट, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. लोकांना वाटतं Jn जरा जास्त भरलेलं सेफ. तसं नाहीये. खरं जडत्व भरलेल्याच्या दहापट असेल तर वरच्या आकड्यांत डँपिंग ०.३६ वर येतं, स्पीड ५० रेडियन प्रति सेकंदाच्या आसपास आरामात हिंदकळतो, डोळ्यांना दिसतो, पण आपोआप शांत होतो. उलट खरं जडत्व भरलेल्याच्या एक तृतीयांश असेल, म्हणजे कपलिंग काढून मोटर मोकळी चालवली, तर लूपचा क्रॉसओव्हर १२०० रेडियन प्रति सेकंदावर जातो. सँपलिंग आणि करंट लूप मिळून दीड मिलिसेकंदाचा उशीर धरला तर तिथे १०० अंशांपेक्षा जास्त फेज नुसत्या उशिरातच जाते. मोटर किंचाळते. मंद हेलकावे म्हणजे Jn कमी भरलंय, शिट्टी म्हणजे जास्त. लोड सुटू शकणारं मशिन असेल तर Jn सगळ्यात हलक्या स्थितीचं भरायचं.

दुसरं ते i_sat. ऑब्झर्व्हरला लिमिट झालेला करंटच द्या, i_ref देऊ नका. समजा लिमिट १० अँपिअर आहे म्हणजे ५ न्यूटन मीटर, आणि ३०० रेडियन प्रति सेकंदाचा जंप दिला. मागणी ३० न्यूटन मीटरची, मिळतात ५. ऑब्झर्व्हरला i_ref दिला तर त्याला वाटतं २५ न्यूटन मीटर लोडने खाल्ले, तो तेवढे अजून मागतो, मग अजून. टार्गेटला पोचेपर्यंत d_hat १८० न्यूटन मीटर झालेला असतो, आणि मोकळ्या मोटरला स्पीड ४८० च्या पुढे जाऊन मग परत येतो. i_sat दिला तर d_hat शून्याजवळच राहतो आणि ओव्हरशूट नाही. कोडमध्ये एका व्हेरिएबलचं नाव चुकतं, बस.

जुना_इंटिग्रेटर
हा तर पीआयचा वाइंडअपच. त्यावर बॅक कॅल्क्युलेशन आम्ही कधीपासून लावतो. परत तेच, नवीन काय.

बेल्टवाला
नवीन काय ते मी सांगतो, आणि ते चांगलं नाहीये. मोटर आणि लोडच्या मधे बेल्ट किंवा लांब शाफ्ट असेल तर बेल्टमधून येणारा टॉर्क हा ऑब्झर्व्हरसाठी डिस्टर्बन्सच असतो, तो इमानदारीत कापला जातो. मोटर भिंतीत रोवल्यासारखी स्थिर. आणि पलीकडचा लोड बेल्टवर लटकून झुलत राहतो, त्याला डँप करणारं कुणी उरत नाही, कारण मोटर थोडी मागेपुढे झाली असती तर तिनेच ती एनर्जी खाल्ली असती. g जितका वाढवाल तितकं हे वाईट. सगळ्यात बेक्कार म्हणजे मोटरच्या एन्कोडरवर ट्रेस सुंदर सपाट दिसतो, सगळे खूश, आणि जॉबवर लाटा उमटतात. लोडच्या बाजूला सेन्सर लावल्याशिवाय कळतच नाही.

लूपवाला
आमचा टायमिंग बेल्टच आहे :| आणि ट्रेस सपाट आहे. मग अशा ठिकाणी डीओबी नकोच का?

बेल्टवाला
पूर्ण नको असं नाही, d_hat सगळा परत देऊ नका, थोडाच द्या किंवा g बेल्टच्या अँटिरेझोनन्सच्या बराच खाली ठेवा. मी खालीच ठेवतो आणि लोड रिजेक्शन थोडं सोडून देतो.

फेज_मार्जिन
g खाली ठेवणं मला तरी पटत नाही, मग स्टेडी लोडला पण उशीर लागतो. अर्धवट d_hat दिला तर स्टेडी एरर राहतो त्यासाठी बाहेर इंटिग्रेटर परत आणावा लागतो, पण डँपिंग मिळतं आणि बेल्टसाठी तेच करणं योग्य.

जुना_इंटिग्रेटर
म्हणजे शेवटी इंटिग्रेटर आलाच की परत 😄

बेल्टवाला
हसू नका काका, हाच तर भांडणाचा मुद्दा आहे. अर्धवट d_hat मध्ये किती हिस्सा द्यायचा हे लोड आणि मोटरच्या जडत्वाच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि ते आमच्याकडे दर जॉबला बदलतं. खालच्या g ला तेवढा हिशोब लागत नाही. लूपवाला, तुम्ही आधी लोडच्या शाफ्टवर एक स्वस्तातला एन्कोडर बसवून झुलण्याची फ्रिक्वेन्सी मोजा, तो आकडा टाका, मग g वर बोलू.