मदत हवी आहे: नोकरी सोडल्यावर ऑफिसचं अकाउंट बंद, घरचे फोटो आणि कागद आत अडकलेत

गावभागची_रेवा
लवकर सांगा कोणीतरी. कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडली. आज मोबाईलवर फोटो उघडायला गेले तर अकाउंटच बंद दाखवतंय. पासवर्ड बरोबर आहे. मला कंपनीचं काहीही नकोय, फोटो माझ्या घरचे आहेत आणि कर्जासाठी स्कॅन केलेले घराचे कागद आहेत. एचआर फोन उचलत नाही. कसं परत मिळवायचं?

बापू_विटेकर
ताई, गूगलचं अकाउंट रिकव्हरीचं पान उघडा, जुना पासवर्ड टाका, मोबाईलवर कोड येतो. माझं अकाउंट गेल्या वर्षी असंच बंद पडलं होतं, दोन दिवसांत मिळालं. घाबरू नका.

सर्व्हरवाला_मिरज
बापू, तुमचं स्वतःचं जीमेल असणार. कंपनीच्या डोमेनचं अकाउंट असेल तर गूगल हात वर करतं आणि ॲडमिनला भेटा म्हणतं. त्या अकाउंटचा मालक कंपनी.
रेवाताई, अकाउंट गूगलचं की मायक्रोसॉफ्टचं? स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतंय? शेवटचा दिवस कधी होता? आणि मोबाईल तुमचा की कंपनीचा?

ढाण्या_सातारकर
माझंही सेम झालं होतं साताऱ्यात. लॅपटॉपवरचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर आपोआप वनड्राइव्हमध्ये जात होतं, मला पत्ताच नाही. नोकरी सोडली आणि सगळं गायब. तेव्हापासून एकच नियम, हार्डडिस्क घ्यायची आणि दर रविवारी कॉपी मारायची. क्लाउड बिउड काही नको.

गावभागची_रेवा
हार्डडिस्कचं ज्ञान आत्ता काय उपयोगाचं?
गूगलचंच आहे, कंपनीच्या नावाचा ईमेल. मोबाईल माझाच, पण जॉइन झाल्यावर आयटीवाल्यांनी त्यांचंच अकाउंट त्यात घालायला लावलं आणि फोटोंचा बॅकअप तिकडेच सुरू झाला. १४ तारखेला शेवटचा दिवस होता, आज २९. स्क्रीनवर ॲडमिनला संपर्क करा असं काहीतरी येतंय.

ॲड_कृष्णाकाठ
सर्वप्रथम फुल अँड फायनल झालं का? रिलिव्हिंग लेटर मिळालं का? पीएफसाठी यूएएनला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते पाहा. कंपनी पैसे अडवत असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो.

गावभागची_रेवा
साहेब, पैसे मिळाले. मला फोटो हवेत.

सर्व्हरवाला_मिरज
१४ तारीख म्हणजे अजून वेळ हातात आहे, पण फार नाही. अकाउंट दोन प्रकारे बंद होतं. एक, ‘सस्पेंड’. यात आतलं सगळं जसंच्या तसं राहतं, ॲडमिनने एक बटण दाबलं की परत चालू. दुसरं, ‘डिलीट’. डिलीट केल्यापासून २० दिवसांत ॲडमिन ते परत आणू शकतो, त्यानंतर नाही. सस्पेंड केलेल्या अकाउंटचंही लायसन्सचं भाडं कंपनीला भरावं लागतं, त्यामुळे छोट्या कंपन्या पैसे वाचवायला लवकर डिलीट करून टाकतात. म्हणून आधी तुमचं काय झालंय ते कळायला हवं.

ते घरबसल्या कळतं. तुमच्या स्वतःच्या जीमेलवरून त्या बंद पत्त्यावर एक साधा मेल टाका. थोड्या वेळात तो परत येईल. परत आलेल्या मेलमध्ये खाली यातला एक आकडा असेल:

```
550 5.1.1
550 5.2.1
```

पहिला असेल तर पत्ताच अस्तित्वात नाही, म्हणजे डिलीट. दुसरा असेल तर पत्ता आहे पण निष्क्रिय, म्हणजे सस्पेंड. मेल परत आलाच नाही तर तुमचा पत्ता दुसऱ्या कुणाला जोडून दिलेला असू शकतो, मग या युक्तीने काही कळणार नाही.

बापू_विटेकर
एवढं कशाला? ऑफिसात कुणी मित्र असेल ना. जुन्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लॉगिन राहिलेलं असतं, त्याला सांगून पेनड्राइव्हवर काढून घ्या. पाच मिनिटांचं काम.

सर्व्हरवाला_मिरज
अकाउंट सस्पेंड झालं की सगळीकडचं लॉगिन तुटतं, त्यामुळे ते जमणारच नाही. आणि जमलं तरी करू नका. परवानगीशिवाय कंपनीच्या सिस्टीममधून डेटा काढणं आयटी कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. फोटो तुमचे असले तरी आत शिरायचा हक्क तुमचा राहिलेला नाही. त्या मित्राची नोकरी जाईल ती वेगळीच.

ॲड_कृष्णाकाठ
कलमं बरोबर सांगितलीत. पण वैयक्तिक डेटावर व्यक्तीचा हक्क आहेच, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. मी तर म्हणेन थेट नोटीस पाठवा. नोटीस गेली की एचआर पळत फोन उचलतं.

सर्व्हरवाला_मिरज
नोटीस गेली की फाइल कंपनीच्या वकिलाकडे जाते, आणि वकील पहिलं सांगतो की कशालाही हात लावू नका. तोवर २० दिवस उलटून जातात. मी मिरजेत तीन-चार कंपन्यांचं हे काम बघतो. साध्या विनंतीला मालक नाही म्हणत नाहीत, घाबरतात फक्त मेलबॉक्स उघडायला.

ॲड_कृष्णाकाठ
सगळेच मालक तुमच्यासारख्यांच्या ओळखीचे नसतात. विनंती लेखी करा एवढं तरी मान्य करा.

गावभागची_रेवा
मेल टाकला. 5.2.1 आलंय!! म्हणजे सस्पेंड ना?
यात बाबांचे जुने फोटो आहेत. २०१९ च्या पुरात गावभागातलं आमचं घर पाण्यात होतं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली होती, त्यातून जे सुटले ते एकेक वाळवून स्कॅन केले. कागद राहिले नाहीत, आता फक्त स्कॅन आहेत. मोबाईलच्या गॅलरीत बघितलं तर ते दिसत नाहीत.

हळद_गल्ली
आमचेही दोन अल्बम गेले त्या पुरात. आम्ही पंख्याखाली वाळवले आणि वरचा थर निघून आला. ओले असताना साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचे असतात, हे आम्हाला नंतर कळलं. फोटो मिळू दे ताई तुम्हाला.

सर्व्हरवाला_मिरज
सस्पेंडच. म्हणजे आज आहे ते आत आहे. पण उद्या कुणी डिलीट केलं की वीस दिवसांचं घड्याळ सुरू, त्यामुळे आजच मेल करा. फोन करत बसू नका.

आता महत्त्वाचं. तुमच्या दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. घराचे कागद ड्राइव्हमध्ये असतील. ते ॲडमिन तुमच्याशिवायही काढून देऊ शकतो. ड्राइव्हची मालकी तुमच्या जुन्या साहेबांच्या नावावर करता येते आणि त्यांच्याकडे तुमच्या ईमेलच्या नावाचं एक फोल्डर तयार होतं. त्यातून त्यांनी तुमची पीडीएफ पाठवायची. पण गूगल फोटोज या हस्तांतरणात जात नाहीत. बहुतेक ॲडमिन इथेच चुकतात. ड्राइव्ह हलवलं म्हणजे सगळं वाचलं असं समजून अकाउंट डिलीट करतात आणि फोटो कायमचे जातात. तुमच्या मेलमध्ये हे स्पष्ट लिहा.

फोटोंसाठी अकाउंट काही तासांपुरतं चालू करून takeout.google.com वरून फक्त Google Photos निवडून उतरवावं लागतं. मेलबॉक्सची भीती असेल तर ॲडमिनला सांगा की तुम्हाला वेगळ्या गटात टाकून जीमेल आणि ड्राइव्ह बंद ठेवा, फक्त फोटोज आणि टेकआउट चालू ठेवा. मग डाउनलोडची लिंक मेलवर दिसणार नाही, पण टेकआउटच्या पानावरच फाइल तयार झालेली दिसते. झिपचा आकार २ जीबी ठेवा, मध्येच नेट गेलं तर एकच तुकडा पुन्हा घ्यावा लागेल. फोटो जास्त असतील तर फाइल तयार व्हायला तास लागतात, कधी दिवसही. म्हणून ‘तासभर चालू करा’ असं मागू नका, दोन दिवस मागा.

मेल असा लिहा:
‘माझ्या जुन्या अकाउंटमधील गूगल फोटोजमध्ये माझ्या कुटुंबाचे फोटो आहेत. ते ड्राइव्हसोबत हस्तांतरित होत नाहीत. माझे फोटो उतरवून होईपर्यंत अकाउंट डिलीट करू नये ही विनंती. आपल्या माणसासमोर, कंपनीच्या कार्यालयात बसून उतरवायला मी तयार आहे. मेल व कंपनीच्या फाइल्स मला नकोत.’
एचआर, तुमचे साहेब आणि आयटी, तिघांनाही एकाच मेलमध्ये ठेवा.

ढाण्या_सातारकर
मोबाईलमधून ते अकाउंट काढून टाकून परत टाकलं तर? आमच्याकडे आयटीवाला नेहमी तेच सांगायचा.

सर्व्हरवाला_मिरज
अजिबात नको. काढायचं असेल ते सगळं संपल्यावर. परत टाकताना लॉगिन होणारच नाही.
रेवाताई, अजून एक. व्हॉट्सॲपचा बॅकअप कुठल्या अकाउंटवर जातोय ते सेटिंगमधल्या चॅट बॅकअपमध्ये बघा. तिथेही ऑफिसचंच असेल तर आत्ता बदलून स्वतःचं घाला आणि नवा बॅकअप घ्या. चॅट मोबाईलमध्ये आहेत तोवर ते सोपं आहे, मोबाईल बदलल्यावर नाही. शिवाय बाबांचे फोटो कुणा नातेवाइकाला पाठवले असतील तर फाइल मॅनेजरमध्ये WhatsApp Images च्या आतलं Sent फोल्डर बघा. गॅलरी ते बऱ्याचदा दाखवत नाही.

गावभागची_रेवा
व्हॉट्सॲपलाही ऑफिसचंच होतं, बदललं. Sent मध्ये आत्याला पाठवलेले बाबांचे काही फोटो सापडले! थोडे अस्पष्ट आहेत, पण लग्नातला तो एक आहे.
मेल केला तिघांना.

गावभागची_रेवा
साहेबांचं उत्तर आलं. चांगलं बोलले. घराचे कागद त्यांनी स्वतः शोधून पाठवले, सातबारा आणि खरेदीखत दोन्ही आलं. पण फोटोंचं म्हणे आयटी पुण्यातली एक एजन्सी बघते आणि टेकआउट सगळ्या कंपनीला बंद करून ठेवलंय. चालू करायला मालकाची सही लागते आणि मालक सोमवारी येणार.

ॲड_कृष्णाकाठ
बघा, मी म्हणत होतो. सोमवारी नाही झालं तर सांगा, पत्राचा मसुदा देतो.

सर्व्हरवाला_मिरज
सोमवारपर्यंत डिलीट करणार नाही एवढं एजन्सीकडून लेखी घ्या, साहेबांच्या मेलवर एका ओळीचं उत्तर पुरेसं आहे. टेकआउट सगळ्यांना उघडायची गरज नाही, तुमच्या एकट्याच्या गटापुरतं उघडता येतं, हे एजन्सीला सांगा. मालकाला तेच ऐकायला हवं असतं.

ढाण्या_सातारकर
आणि माझं वनड्राइव्ह? तीन वर्षं झाली, आता मिळेल का?

सर्व्हरवाला_मिरज
कंपनीने मुद्दाम जपून ठेवलं नसेल तर नाही. माणूस डिलीट केल्यावर वनड्राइव्ह साधारण ३० दिवस राहतं, नंतर ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये. तीन वर्षांनी त्यात काही उरत नाही. त्या हार्डडिस्कवरच बघा.

गावभागची_रेवा
एजन्सीने उत्तर दिलं, ‘डिलीट करत नाही.’ सोमवारी कळवते.