मदत हवी आहे: मॉडेल बिलाशी जुळतंय, पण चिलरच्या बचतीचा आकडा पटत नाहीये

रानजाई
नमस्कार मंडळी, बचतीच्या एका दाव्यात अडकलेय, कुणी असं काम केलं असेल तर प्लीज बघा. पुण्यातली सात मजली ऑफिस बिल्डिंग आहे, साधारण ९००० चौरस मीटर, एचटी कनेक्शन. एप्रिल २०२४ मध्ये १५० टनाचे दोन जुने वॉटर कूल्ड स्क्रू चिलर काढून नवीन बसवले. कंत्राट शेअर्ड सेव्हिंगचं आहे, म्हणजे जेवढी बचत सिद्ध होईल त्यातला हिस्सा कंत्राटदाराला मिळणार, आणि तो आकडा तपासून सही करायचं काम माझ्याकडे आलंय.

बेसलाइन एप्रिल २०२३ ते मार्च २०२४. कंत्राटदाराकडच्या माणसाने एनर्जीप्लसमध्ये मॉडेल करून दिलंय. बारा महिन्यांच्या बिलांशी एनएमबीई १.८ टक्के आणि सीव्हीआरएमएसई ६.४ टक्के येतोय, म्हणजे अ‍ॅश्रे गाइडलाइन १४ ची मासिक डेटासाठीची ५ आणि १५ ची मर्यादा आरामात पाळली जाते. पण फाइल उघडून बघितली तर जुन्या चिलरचा सीओपी ३.४ टाकलाय आणि इन्फिल्ट्रेशन तासाला १.२ एअर चेंज. पूर्ण काचेची बंद बिल्डिंग आहे हो, एवढी हवा शिरणार कुठून? मॉडेलप्रमाणे वर्षाला २.१ लाख युनिट वाचले. नाही म्हणायचं तर कुठल्या आधारावर म्हणू ते कळत नाहीये, कारण कागदावर सगळं पास आहे.

सह्याद्री_वारा
पास आहे ना, मग सही करून टाका. गाइडलाइनमध्ये आतले इनपुट किती असावेत असं कुठे लिहिलंय? कॅलिब्रेशन म्हणजे इनपुट हलवून बिलाशी जुळवणंच. आणि तरी शंका असेल तर मॉडेल बाजूला ठेवा, आधीची बिलं आणि नंतरची बिलं घ्या, तापमानाशी रिग्रेशन मारा, फरक काढा, संपलं. बचत एकूण बिलाच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयपीएमव्हीपीचा ऑप्शन सी चालतो, आणि तुमची तर पंधरा टक्के दिसतेय.

बाणेरवासी
आमच्या सोसायटीत पण असंच झालं बघा, लिफ्ट आणि पंपाचे मोटर बदलले, विकणारा म्हणाला बिल चाळीस टक्के खाली येईल आणि आलं जेमतेम दहा टक्के. त्यात आता कमिटी सोलर लावायचं म्हणतेय, तर कॉमन मीटरला नेट मीटरिंग मिळतं का हे कुणी सांगेल का?

जुना_ऑडिटर
बाणेरवासी, कॉमन मीटरला मिळतं, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तुमचा प्रश्न हरवून जाईल.

रानजाई, इनपुटबद्दलची तुमची शंका रास्त आहे. आधी एक सांगा, मॉडेल ज्या "बिलांशी" जुळवलंय तो युनिटचा कॉलम नेमका कुठला? महावितरणने एप्रिल २०२० पासून एचटी ग्राहकांचं बिलिंग केव्हीएएचवर नेलं. बिलावर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच दोन्ही छापलेले असतात, पण पैसे केव्हीएएचचे लागतात म्हणून अकाउंटवाले एक्सेलमध्ये तेच उतरवतात आणि वर नुसतं "युनिट" लिहितात. मॉडेल मात्र केडब्ल्यूएच देतं. पॉवर फॅक्टर वर्षभर ०.९९ असला तर फार बिघडत नाही, पण मध्येच बदलला असेल तर आकड्यांचा आकारच बदलतो. मूळ बिलं मागवा, एक्सेल नको.

दुसरं, रीडिंगच्या तारखा बघा आणि वेदर फाइल कुठली लावलीय ते बघा.

रानजाई
काका, मूळ बिलं मिळाली आणि तुम्ही म्हणता तसंच निघालं! एक्सेलमधला कॉलम केव्हीएएचचाच आहे. आणि एपीएफसी पॅनलचे कपॅसिटर खराब होते, ते सप्टेंबर २०२३ मध्ये बदलले. एप्रिल ते ऑगस्ट पॉवर फॅक्टर ०.९० च्या आसपास आणि त्यानंतर ०.९९. दोन महिने उदाहरणाला देते. मे मध्ये १,४२,००० केव्हीएएच, पण केडब्ल्यूएच फक्त १,२७,८००. डिसेंबरमध्ये १,१२,००० केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच १,१०,९००.

वेदर फाइल पुण्याची टिपिकल वर्षाची आहे. रीडिंग दर महिन्याच्या साधारण २१-२२ तारखेला होतं आणि मॉडेलचे आकडे एक तारखेपासूनचे आहेत.

जुना_ऑडिटर
आता तुमचा सीओपी ३.४ कुठून आला ते उघड झालं. मे आणि डिसेंबरमधला फरक एक्सेलमध्ये ३०,००० दिसतो, प्रत्यक्षात तो १७,००० च्या आत आहे. उरलेला उन्हाळा कपॅसिटरचा आहे, हवेचा नाही. मॉडेल करणाऱ्याला उन्हाळ्यात युनिट कमी पडले, मग ते भरून काढायला त्याने अशाच गोष्टी हलवल्या ज्या उन्हाळ्यातच जास्त खातात, म्हणजे बाहेरची हवा वाढवली आणि चिलर वाईट केला. आणि जुना चिलर जितका वाईट दाखवाल तितकी नव्या चिलरची बचत फुगते. चूक नेमकी दाव्याच्या बाजूने पडलीय, म्हणून ती आधी सोडवा.

वेदरबद्दल सांगायचं तर टिपिकल फाइल डिझाइनला ठीक आहे, बिलाशी जुळवायला त्याच वर्षाची हवा लागते. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, त्याच्या जागी नेहमीचा ढगाळ ऑगस्ट लावला की तो महिना जुळणारच नाही आणि पुन्हा कुठलातरी इनपुट पिळावा लागेल. हवामान खात्याचा डेटा मिळाला तर उत्तम, नाहीतर ईआरए५ चा तासाचा डेटा फुकट मिळतो, त्यावरून फाइल बनवा.

तारखांसाठी मासिक रिपोर्ट सोडा, रोजचं मीटर काढा आणि बिलाच्या तारखांप्रमाणे बेरीज करा:

```
Output:Meter,Electricity:Facility,Daily;
```

टोरांटोकर
मी कॅनडात हेच काम करतो, तिथला अनुभव सांगतो. आमच्याकडे गॅसचं जुलैचं बिल म्हणजे जवळपास नुसतं गरम पाणी, आणि त्याच्या वर हिवाळ्यात जे चढतं ते हीटिंग. बिल स्वतःच दोन भाग वेगळे करून देतं. पुण्यात कूलिंग बाराही महिने चालतं, डिसेंबरमध्येही ऑफिसचा चिलर बंद होत नाही, त्यामुळे बेस लोड किती आणि चिलर किती हे मासिक बिलातून सुटतच नाही. बारा आकडे आणि हलवायला वीस इनपुट, पाच वेगवेगळी मॉडेल्स पास होतील आणि प्रत्येकाची बचत वेगळी येईल. बिलाबाहेरचं एखादं मोजमाप हवंच.

जुना_ऑडिटर
टोरांटोकरांशी शंभर टक्के सहमत. सगळ्यात स्वस्त मोजमाप म्हणजे रविवारी पहाटे दोन वाजता मेन इनकमरवर किती किलोवॅट आहे ते बघणं. सुरक्षा रक्षकाला मीटरच्या डिस्प्लेचा फोटो काढायला सांगा, नाहीतर महावितरणकडून मीटरचा लोड प्रोफाइल मागा, एचटी मीटरमध्ये अर्ध्या तासाचं रेकॉर्ड असतं. मग मॉडेलमध्ये तोच तास बघा.

आणि जुने चिलर काढायच्या आधी कुणी ऑडिट केलं होतं का? त्यात किलोवॅट पर टन मोजलेलं असेल तर ते सोन्यासारखं आहे. फक्त ऑपरेटरच्या लॉगबुकातल्या अ‍ॅम्पिअरवरून काढलेलं असेल तर जपून, अ‍ॅम्पिअरवरून किलोवॅट काढताना मोटरचा पॉवर फॅक्टर धरावा लागतो, पुष्कळ जण तो एक धरतात आणि चिलर आहे त्याहून वाईट दिसतो.

सह्याद्री_वारा
मान्य, केव्हीएएचचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण मग माझी सूचना अजूनच सोपी झाली की, केडब्ल्यूएच घ्या आणि रिग्रेशन मारा.

रानजाई
सह्याद्री_वारा, ते करून बघितलं, पण चौथा मजला ऑगस्ट २०२४ पर्यंत रिकामा होता आणि मग तिथे नवीन भाडेकरू आला, त्यामुळे नंतरची बिलं त्याच्या लाइट, कॉम्प्युटर आणि एसीमुळे चढलेली आहेत. नुसत्या तापमानावर रिग्रेशन केलं तर बचत शून्याजवळ येते आणि ते कंत्राटदारावर अन्याय होईल. म्हणूनच मॉडेल लागतंय.

आता अपडेट. लोड प्रोफाइल मिळालं, रविवारी पहाटे ४६ किलोवॅट आणि मॉडेलमध्ये २२! प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम आहे, तिचे यूपीएस आणि स्वतःचे स्प्लिट एसी चोवीस तास चालू, शिवाय जिन्यातले आणि पार्किंगचे लाइट. मॉडेलमध्ये यातलं काहीच नव्हतं. ऑफिस बंद असण्याचे तास आठवड्याला साधारण ११३, म्हणजे महिन्याला पावणेबारा हजार युनिट नुसते रात्री-सुट्टीचे सुटले होते, आणि तेसुद्धा चिलरच्याच खात्यात गेले होते.

चिलर काढण्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑडिट झालं होतं, अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर आणि पॉवर अ‍ॅनालायझर लावून. आकडा ०.८२ किलोवॅट पर टन, म्हणजे सीओपी ४.३. नवीन चिलर ०.६० वर चालतायत. मग केडब्ल्यूएच, खऱ्या तारखा, २०२३-२४ ची हवा, सर्व्हर रूम, सीओपी ४.३ आणि इन्फिल्ट्रेशन ०.३ घालून परत चालवलं. एनएमबीई २.६, सीव्हीआरएमएसई ७.९. दोन्ही आधीपेक्षा थोडे जास्त आहेत पण आता एकही इनपुट ओढूनताणून बसवलेला नाही. चिलरवरचा लोड वर्षाला साधारण ४.४ लाख टन-अवर येतो, त्याला ०.२२ ने गुणलं की ९७ हजार युनिट. म्हणजे दाव्याच्या निम्म्यापेक्षाही कमी.

जुना_ऑडिटर
छान काम केलंत. कागदावरचा सीव्हीआरएमएसई वाढला तरी घाबरू नका, मोजलेल्या गोष्टींवर उभं असलेलं ७.९ चं मॉडेल त्या ६.४ वाल्यापेक्षा कधीही बरं.

पण एकच आकडा देऊ नका, रेंज द्या. ०.८२ हे फेब्रुवारीचं आहे, तेव्हा कूलिंग टॉवरचं पाणी गार असतं. मे-जूनमध्ये तोच चिलर याहून वाईट चालला असणार, आणि नवीन चिलरचं ०.६० कधी मोजलंय तेही बघा, नाहीतर हिवाळ्यातला जुना आणि पावसाळ्यातला नवीन अशी तुलना व्हायची. प्लग लोड, सेटपॉइंट, बाहेरची ताजी हवा हे पटेल त्या मर्यादेत हलवून तीन-चार मॉडेल करा, जी पास होतील त्यांची बचत लिहा. आणि जनरेटरचं डिझेल रजिस्टर बघा, ते युनिट बिलात येत नाहीत.

रानजाई
०.६० नोव्हेंबरचं आहे. चार मॉडेल करून बघितली, सगळी पास, बचत ८५ हजार ते १ लाख १२ हजार. जनरेटर वर्षभरात फार थोडा चालला, त्याने विशेष फरक पडत नाही.

आता कंत्राटदाराचं म्हणणं असं की कपॅसिटर त्यांनीच बदलून दिले, बिल रुपयांत खरोखर कमी झालं, मग ते पैसे बचतीत का नाही धरायचे? करारात फक्त "एनर्जी सेव्हिंग" लिहिलंय, युनिट की रुपये ते नाही.

टोरांटोकर
पण कपॅसिटर सप्टेंबर २०२३ मध्ये बदलले, म्हणजे बेसलाइन वर्षाच्या मधोमध. ते धरायचं तर बेसलाइनच आधीच्या वर्षाची घ्यावी लागेल. माझ्या मते चिलरच्या अहवालात ते मिसळू नका, वेगळी ओळ दाखवा.

सह्याद्री_वारा
मला मात्र कंत्राटदाराचं पटतंय. मालकाचे पैसे वाचले, कामही त्यांनीच केलं, हिस्सा मिळायला हवा.

रानजाई
हिस्सा द्यायचा की नाही ते मालक आणि कंत्राटदार ठरवतील, मी केडब्ल्यूएचची रेंज आणि पॉवर फॅक्टरचे रुपये दोन वेगळ्या तक्त्यांत देतेय. एक प्रश्न अजून राहिलाय, चौथ्या मजल्याला सबमीटर जानेवारी २०२५ मध्ये लागला, त्याआधीच्या पाच महिन्यांचा लोड कसा धरायचा? जानेवारीनंतरचं प्रोफाइल तसंच मागे लावलं तर चालेल का, की तेव्हा माणसं हळूहळू येत होती म्हणून आय कार्ड स्वाइपचा डेटा मागवू?

जुना_ऑडिटर
स्वाइपचा डेटा मागवा, आणि लाइट-एसी माणसांच्या प्रमाणात कमी करू नका, मजला अर्धा भरला तरी ते बहुधा पूर्णच चालतात. फक्त कॉम्प्युटरचा लोड माणसांप्रमाणे घ्या.