शब्दचर्चा: ‘डायनॅमो’ला ‘जनित्र’ म्हणावे का?

पानपलटी: विजेच्या यंत्रांच्या इतिहासावरील एका लेखाचे मी भाषांतर करते आहे आणि एका वाक्यापाशी अडले आहे. मूळ लेखकाने दोन यंत्रांची नावे समोरासमोर ठेवली आहेत. एक ‘मॅग्नेटो-इलेक्ट्रिक’ यंत्र, दुसरे ‘डायनॅमो-इलेक्ट्रिक’ यंत्र. १८६७ नंतर दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकले, असा वाक्याचा आशय आहे. आपल्या शालेय पुस्तकांत विजेच्या मोटरला ‘विद्युत चलित्र’ आणि वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला ‘विद्युत जनित्र’ म्हणतात. तो शब्द दोन्हीकडे वापरला, तर ‘जनित्राने जनित्राला मागे टाकले’ असे निरर्थक वाक्य हाती येते. तेव्हा डायनॅमो म्हणजे नेमके काय आणि त्याला मराठीत वेगळा शब्द हवा का, हे जाणकारांनी सांगावे.

व्युत्पत्ती: ‘डायनॅमो’ हा शब्द शक्ती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. त्यामुळे शक्ती लावून वीज काढणारे कोणतेही यंत्र म्हणजे डायनॅमो, असे माझे मत आहे. ‘जनित्र’ शब्दाची घडणही चांगली आहे. संस्कृतात ‘इत्र’ हा प्रत्यय साधन दाखवतो. खणण्याचे साधन ते खनित्र, तसे जन्म देण्याचे साधन ते जनित्र. चलित्र त्याच साच्यातून निघाले. आपल्या सायकलला असायचा तो डायनॅमो हे याचे सर्वांत साधे उदाहरण आहे. माझ्या मते दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे आणि वेगळ्या शब्दाची गरज नाही.

गुंडाळी: व्युत्पत्तीजी, प्रत्ययाबद्दल आपण सांगता ते बरोबर आहे, पण सायकलचे उदाहरण नेमके उलट्या बाजूचे आहे. मी तीस वर्षे मोटरी आणि जनित्रे गुंडाळण्याच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोष्ट सुरू होते ती फॅरेडेपासून. १७ ऑक्टोबर १८३१ रोजी त्याने कागदाच्या पोकळ नळीवर तांब्याच्या तारेची आठ वेटोळी गुंडाळली, त्यांची टोके एकत्र करून गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे वीज आली की सुई हलवणाऱ्या उपकरणाला, जोडली आणि साडेआठ इंच लांबीचा चुंबकाचा दांडा झटकन नळीत सारला. सुई हलली. दांडा आत स्थिर राहिला तशी ती मूळ जागी आली, आणि दांडा बाहेर ओढताच ती विरुद्ध बाजूला गेली. वीज चुंबकामुळे नव्हे, तर चुंबकाच्या हालचालीमुळे येते, आणि आत जातानाची व बाहेर येतानाची वीज एकमेकींच्या उलट दिशेची असते, या दोन्ही गोष्टी त्या सुईने दाखवल्या. पुढची सगळी यंत्रे या दोन गोष्टींशी झगडत घडली आहेत.

दांडा हाताने आतबाहेर करत राहणे शक्य नसते. म्हणून १८३२ मध्ये पॅरिसच्या पिक्सी या उपकरणकाराने नालाच्या आकाराचा चुंबक हँडलने फिरता ठेवला आणि त्याच्या टोकांसमोर तारेची वेटोळी स्थिर बसवली. चुंबकाचे उत्तर टोक वेटोळ्यासमोरून गेले की वीज एका दिशेने, दक्षिण टोक गेले की दुसऱ्या दिशेने. बॅटरीच्या एकदिश विजेची सवय असलेल्यांना ही उलटसुलट वीज निरुपयोगी वाटली. तेव्हा अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीने दर अर्ध्या फेऱ्याला जोडणी उलटवणारा भाग बसवला. आम्ही त्याला कॉम्युटेटर म्हणतो. ब्रशवाली मोटर उघडली की आसावर तांब्याच्या पट्ट्यांचा जो गोल दिसतो, ज्याला टेकून ब्रश वीज नेतात-आणतात, तोच.

आता सायकलचा डायनॅमो आठवा. त्यात फिरतो तो चुंबक. वेटोळे जागचे हलत नाही. ब्रश नाहीत, कॉम्युटेटर नाही. येणारी वीज उलटसुलट. म्हणजे ते पिक्सीचे पहिले यंत्र आहे. जुन्या परिभाषेप्रमाणे ते मॅग्नेटो ठरते, डायनॅमो नव्हे.

पानपलटी: मग ‘डायनॅमो’ हा शब्द मुळात कशासाठी घडवला गेला? केवळ कॉम्युटेटर असलेल्या यंत्रासाठी का?

गुंडाळी: नाही, ताई. फरक चुंबक कुठून आणला याचा आहे. पिक्सीच्या वाटेने गेलेली यंत्रे पोलादाच्या कायम चुंबकांवर चालत. १८५८ मध्ये इंग्लंडच्या साऊथ फोरलँड दीपगृहात होम्सचे असे यंत्र वाफेच्या इंजिनावर चालवून दिवा लावला गेला, पण त्या काळचे पोलादी चुंबक दुबळे होते. जास्त वीज हवी तर आणखी चुंबक लावा. यंत्र जड होत जाते आणि खडखडाटाने व उष्णतेने त्याच चुंबकांचा जोर ओसरतो. मऊ लोखंडाभोवती तार गुंडाळून तिच्यातून वीज सोडली तर कितीतरी जोरकस चुंबक मिळतो, हे सर्वांना ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता की ती वीज आणायची कुठून?

उत्तर असे निघाले की ती यंत्राने स्वतःच द्यावी. मऊ लोखंड एकदा चुंबकित झाले की वीज बंद केल्यावरही त्यात थोडे चुंबकत्व मागे राहते. यंत्र फिरवले की त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वाने अगदी थोडी वीज निघते. ती लोखंडाभोवतीच्या तारेत सोडली की चुंबक किंचित बळावतो, वीज वाढते, चुंबक आणखी बळावतो, आणि लोखंडाची क्षमता संपेपर्यंत हे चालते. त्यानंतर वीज वाढत नाही, स्थिरावते. वर्नर सीमेन्सचा यावरचा निबंध १७ जानेवारी १८६७ रोजी बर्लिनच्या अकादमीत वाचला गेला आणि त्याच्या शीर्षकातच ‘कायम चुंबकांचा वापर न करता’ असे शब्द होते. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीत व्हीटस्टनने हीच कल्पना मांडली, आणि व्हार्लीने तर १८६६ च्या डिसेंबरातच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ‘डायनॅमो-इलेक्ट्रिक’ हे नाव सीमेन्सचे. चुंबक बाहेरून पुरवायचा नाही, केवळ फिरवण्याची शक्ती पुरवायची, हा त्या नावाचा रोख आहे.

व्युत्पत्ती: म्हणजे मूळ धातू मी बरोबर सांगितला, पण ती शक्ती कशाच्या विरुद्ध उभी केली आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मॅग्नेटोच्या विरोधात डायनॅमो, हे पटले.

माळरान: आमच्या जुन्या ट्रॅक्टरची गोष्ट इथे लागू पडेल असे वाटते. तो दोन पावसाळे शेडमध्ये उभा होता. नंतर सुरू केला तर बाकी सगळे ठीक, पण चार्जिंगचा लाल दिवा विझेना. पट्टा घट्ट होता, ब्रश घासून साफ केले, तरी तेच. मीटर लावला तर डायनॅमोतून धड एक व्होल्टही येत नव्हता. मेस्त्री म्हणाले, ‘मॅग्नेट मेलंय.’ त्यांनी डायनॅमोच्या फील्डची वायर सोडवली, बॅटरीच्या जिवंत टोकाची तार त्या टर्मिनलला क्षणभर टेकवली, बारीकशी ठिणगी उडाली, आणि पुन्हा सगळे जोडून इंजिन चालू केल्यावर दिवा विझला. इतकी वर्षे मला वाटत होते की आत एखादा चुंबक असेल आणि तो बॅटरीने ‘भरला’ गेला असेल.

गुंडाळी: आपल्या मेस्त्रींनी जे केले ते सीमेन्सच्या निबंधाचे प्रात्यक्षिक आहे. आत कायम चुंबक नव्हताच, होते ते फील्ड, म्हणजे तार गुंडाळलेले लोखंड. लोखंडात उरलेले चुंबकत्व गेले, म्हणून पहिली एक-दोन व्होल्टची सुरुवातच होईना, आणि शून्यातून वाढ होत नाही. बॅटरीच्या क्षणभराच्या स्पर्शाने लोखंड पुन्हा किंचित चुंबकित झाले. बॅटरीची टोके उलटी टेकवली असती तर डायनॅमो चालला असता, पण उलट्या ध्रुवांनी, आणि मग बॅटरीचे व तिला डायनॅमोशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटचे नुकसान झाले असते. असेच एक दुखणे उलट्या दिशेने फिरवल्याने होते. तेव्हा तयार होणारी वीज उरलेल्या चुंबकत्वाला वाढवण्याऐवजी मारते, आणि नवा-जुना कसाही डायनॅमो असला तरी तो वीज देत नाही.

नवशिका: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. फिरवले की वीज आणि वीज दिली की फिरते, असे दोन्ही होते ना? मग आमच्या विहिरीवरची तीन हॉर्सपॉवरची मोटर मी डिझेल इंजिनने फिरवली तर घरापुरती वीज मिळेल का? मी एकदा पट्टा लावून पाहिले, पण बल्ब लागला नाही.

गुंडाळी: दादा, शब्दाच्या प्रश्नापासून आपण थोडे दूर गेलात, पण उत्तर त्याच धाग्यात आहे. आपल्या पंपाच्या मोटरीत ना कायम चुंबक, ना वेगळी फील्ड कॉइल. तिला चुंबक करणारी वीज लाईनमधून येते. लाईन तोडून नुसती फिरवली तर तिला चुंबक करणारे कोणीच नसते. योग्य क्षमतेचे कपॅसिटर लावले आणि लोखंडात थोडे चुंबकत्व उरले असेल तर ती वीज देऊ लागते, पण मग व्होल्टेज कमीजास्त होत राहते आणि ते जाणकाराशिवाय करण्याचे काम नव्हे. ती वीज घराच्या लाईनमध्ये तर कधीच सोडू नका. तार दुरुस्त करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

आपण म्हणता ते दुतर्फी तत्त्व मात्र खरे आहे, आणि मोटरचा इतिहास त्यावरच फिरला. डायनॅमोच्या आधीही मोटरी होत्या. याकोबीने १८३८ मध्ये नेवा नदीवर मोटरीने होडी चालवली, पण तिच्यामागे बॅटरी होती आणि बॅटरीत जस्त झिजत होते. कोळशापेक्षा जस्त कितीतरी महाग, म्हणून मोटर प्रयोगशाळेबाहेर फारशी पडेना. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात फोंतेन या अभियंत्याने ग्राम नावाच्या संशोधकाचे एक डायनॅमो यंत्र इंजिनाने फिरवले, त्याची वीज तारेने तशाच दुसऱ्या यंत्राला दिली आणि दुसऱ्याने पाण्याचा पंप ओढला. दोन्ही यंत्रांची घडण एकच. त्या दिवशी एकाचे काम जनित्राचे होते आणि दुसऱ्याचे चलित्राचे.

व्युत्पत्ती: हे भाषेच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. जनित्र आणि चलित्र ही यंत्राची नव्हे तर कामाची नावे ठरतात, आणि मॅग्नेटो व डायनॅमो ही रचनेची. पानपलटी ताईंच्या वाक्यात विरोध रचनेचा आहे, म्हणून तिथे कामाचे नाव चालणार नाही. मी ‘चुंबक-जनित्र’ आणि ‘स्वयंचुंबकी जनित्र’ असे सुचवतो.

गुंडाळी: ‘स्वयंचुंबकी’ वाचून वाचकाला आत कायमचा चुंबक आहे असेच वाटेल, म्हणजे नेमका उलटा अर्थ. तांत्रिक मराठीत ‘स्वयंउत्तेजित’ म्हणतात, तो शब्द अवघड आहे पण चुकीचा नाही.

माळरान: आमच्या मेस्त्रींना दोन्ही शब्द कळणार नाहीत. ‘डायनॅमो’ मात्र कळतो.

पानपलटी: सध्या मी वाक्य असे केले आहे: ‘१८६७ नंतर, स्वतःच्याच विजेवर आपला चुंबक घडवणाऱ्या डायनॅमोने कायम चुंबकांवर चालणाऱ्या मॅग्नेटो यंत्रांना मागे टाकले.’ लांबले आहे, पण फरक वाक्यातच उलगडतो. अडचण पुढच्या परिच्छेदाची आहे. तिथे लेखक सायकलच्या दिव्याचा उल्लेख करतो आणि त्याला डायनॅमो म्हणतो. मराठी वाचकही तेच म्हणतो. तिथे मॅग्नेटो लिहिले तर कोणाला सायकल आठवणार नाही, आणि डायनॅमो लिहिले तर आदल्या वाक्याशी विसंगती येते. यावर कोणाला काही सुचते का?

व्युत्पत्ती: ‘सायकलचा दिवा पेटवणारे छोटे जनित्र’ लिहा. कामाचे नाव तिथे बिनधोक चालेल.

गुंडाळी: मी तरी डायनॅमोच ठेवीन आणि एका वाक्यात सांगीन की त्याच्या आत पिक्सीचे यंत्र आहे. वाचकाने घरचा जुना डायनॅमो उघडला तर आसावर काळपट चुंबकाचा गोल त्याला दिसेलच.