५० हर्ट्झच्या शेजारचे ४८ आणि ५२ दिसत नाहीत, कुठली विंडो लावू?

गुंडाळी
नमस्कार मंडळी. चार पोलची इंडक्शन मोटर आहे, भरल्या लोडवर १४७० आरपीएमच्या आसपास फिरते. रोटरचा एखादा बार तुटला असावा असा संशय आहे. स्लिप २ टक्के धरली तर करंटच्या स्पेक्ट्रममध्ये ५० च्या दोन्ही अंगांना ४८ आणि ५२ वर बारीक रेषा दिसायला हव्यात.

क्लॅम्प लावून १००० हर्ट्झने १०२४ नमुने घेतले आणि सरळ एफएफटी केली. ५० वर टोकदार शिखर येण्याऐवजी तंबू ठोकल्यासारखा पसारा येतो. ४८ च्या जागी पातळी मुख्य शिखराच्या फक्त २० डीबी खाली आहे आणि तिथून हळूहळू उतरत जाते. मला हवी ती रेषा ४५ ते ५० डीबी खाली असेल, म्हणजे ती या उतारात गाडली जाणार. विंडो लावा असं सगळीकडे वाचलं, पण कुठली?

दोन अटी: बोर्डाच्या मेमरीत २०४८ पेक्षा जास्त नमुने मावत नाहीत, आणि नवीन काहीही विकत घ्यायचं नाही. अँटी-अलायझिंग फिल्टर ४०० हर्ट्झचा आहे.

जुना_खटारा
बोर्डाच्या नादी लागू नका. मी दोन वर्षांपूर्वी चार चॅनलचा अ‍ॅनालायझर घेतला, त्यानंतर हा प्रश्न मला पडलेलाच नाही. मेनूत फ्लॅट-टॉप निवडायची आणि मोकळं व्हायचं. कॅलिब्रेटरचा सिग्नल दिला की आकडा शंभरातल्या एका टक्क्याइतकाही हलत नाही, स्वतः पाहिलंय. थोडे पैसे साठवा पण एकदाच घ्या.

दशांश
विंडोची गरजच नाही. १०२४ नमुने म्हणजे १.०२४ सेकंद, त्यात ५० हर्ट्झची ५१.२ आवर्तनं बसतात. ते वरचं ०.२ आवर्तनच सगळा घोळ घालतंय. एफएफटीला वाटतं की हाच तुकडा पुढे अखंड चालू आहे, आणि तुकड्याची शेपटी डोक्याला जुळत नाही. १०२४ चा हट्ट सोडा, बरोबर १००० नमुने घ्या. ५० आवर्तनं पुरी बसतील, गळती शून्य.

हातोडी
विंडोपासून सावध राहा, माझं एकदा नुकसान झालंय. पोलादी पट्टीवर हातोडी मारून तिच्या नैसर्गिक वारंवारिता काढत होतो. सवयीने हॅनिंग लावली. ठोका रेकॉर्डच्या अगदी सुरुवातीला होता आणि विंडो तिथे शून्य असते, त्यामुळे ठोकाच पुसला गेला. उरलं ते नुसतं शेपूट. दोन दिवस सेन्सर बदलत बसलो. तुमच्या मोटरवर ठोका कुठे मारताय?

गुंडाळी
ठोका नाही हो, चालू मोटरचा अखंड करंट आहे. दशांश, तुमचं १००० वालं करून बघतो.

लोलक
हातोडी यांचा अनुभव खरा आहे, पण तो विझत जाणाऱ्या सिग्नलचा. तिथे सिग्नल रेकॉर्डमध्येच सुरू होऊन संपत असेल तर विंडो लागतच नाही. इथे सिग्नल दोन्ही टोकांना कापलेला आहे.

दशांश यांनी कारण बरोबर सांगितलं, उपाय मात्र कागदावरचा आहे. सप्लाय कधीच बरोबर ५० नसतो. समजा ४९.९५ आहे. मग १ सेकंदात ४९.९५ आवर्तनं बसतात, चूक एका आवर्तनाच्या विसाव्या हिश्शाची. तेवढ्यानेही दोन बिन पलीकडे, म्हणजे नेमक्या ४८ वर, गळती साधारण ३२ डीबी खाली उरते. तुम्हाला हवी ती रेषा ४५ खाली. गाडलेलीच राहिली.

दशांश
पण वीजगुणवत्तेच्या मीटरमध्ये हेच करतात. ५० हर्ट्झला १० आवर्तनं, ६० ला १२, आणि विंडो काही नाही.

लोलक
करतात, कारण तो मीटर सप्लायची वारंवारिता सतत मोजतो आणि सॅम्पलिंगचा वेग तिच्याशी बांधून ठेवतो. यांच्या बोर्डाचं घड्याळ मोकळं आहे. शिवाय १० आवर्तनं म्हणजे २०० मिलिसेकंद, बिन ५ हर्ट्झचा. हार्मोनिक मोजायला ठीक, ४८ आणि ५० वेगळे करायला निरुपयोगी.

पाचवा_गिअर
+१ फ्लॅट-टॉप. आमच्याकडे सगळे तीच वापरतात.

तांब्याची_तार
अजून कोणी झिरो-पॅडिंग सुचवलं नाही? १०२४ नमुन्यांपुढे शून्यं जोडून ८१९२ करा. बिन ०.१२ हर्ट्झचा होतो, ४८ आणि ५० स्वच्छ वेगळे पडतात. मेमरी कमी असेल तर कॉम्प्युटरवर जोडा. आणि एक दुरुस्ती: विंडोचं नाव हॅनिंग नाही, हान आहे. यूलिउस फोन हान हे ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ. हॅनिंग नावाचा कोणी नव्हता, हॅमिंगच्या वजनावर ते नाव रूढ झालं.

हातोडी
माझ्या उपकरणाच्या मेनूत हॅनिंगच लिहिलंय.

जुना_खटारा
माझ्यातही हॅनिंग.

तांब्याची_तार
मेनूत लिहिलं म्हणून बरोबर होत नाही. रिचर्ड हॅमिंग वेगळे, त्यांची विंडो वेगळी. हॅमिंग टोकांना शून्याला टेकत नाही, थोडी वर थांबते. त्यामुळे तिचा पहिला शेजारी कंगोरा चांगला दबतो, पण लांबची गळती मात्र रेंगाळत राहते.

लोलक
नावाचं तांब्याची_तार यांचं बरोबर. झिरो-पॅडिंगचं नाही. शून्यं जोडल्याने त्याच तंबूचं चित्र जास्त ठिपक्यांनी काढलं जातं, तंबूची रुंदी तेवढीच राहते. १.०२४ सेकंदात जी माहिती आलीच नाही ती शून्यं कुठून आणणार?

आता मूळ प्रश्न. सध्या तुमचा बिन ०.९८ हर्ट्झचा, म्हणजे ४८ आणि ५० मध्ये जेमतेम दोन बिन. हान विंडोचं मुख्य शिखरच दोन्हीकडे दोन-दोन बिन पसरतं. लांबची गळती ती छान मारते, पण तुमची रेषा लांब नाही, ती शिखराच्या पायथ्याशी बसली आहे. फ्लॅट-टॉपचा पसारा तर पाच-पाच बिनांचा, ती या कामाला सगळ्यात वाईट. तिचं खरं काम जुना_खटारा यांनी सांगितलं तेच: शिखराची उंची अचूक वाचणं, मग ते दोन बिनांच्या मधोमध पडलं तरी. म्हणजे १०२४ नमुन्यांवर कुठलीही विंडो तुम्हाला वाचवणार नाही. आधी वेळ वाढवा.

नुसता वेळ वाढवूनही भागत नाही, हेही बघा. १० सेकंद घेतलेत तर ४८ वीस बिन लांब जातो. विंडो नसेल तर तिथे गळती वाईट दिवशी ३२ डीबीच खाली असेल, कारण ती फार सावकाश उतरते. त्याच जागी हान असेल तर ती ८० च्याही खाली जाते. म्हणून दोन्ही हवं.

मेमरीचं उत्तर वेगात आहे. तुम्हाला ६० हर्ट्झच्या वर काही बघायचंच नाही, मग १००० ने साठवता कशाला? वेग उतरवा, तेवढ्याच २०४८ नमुन्यांत ८-१० सेकंद मावतील. तेवढा वेळ लोड स्थिर ठेवा. स्लिप हलली तर रेषाच पसरेल, आणि तो पसारा कुठल्याही विंडोने आवरत नाही.

```python
x = x - x.mean()
w = np.hanning(N + 1)[:-1]
X = 2 * np.abs(np.fft.rfft(x * w)) / w.sum()
```

शेवटच्या ओळीत `N` ने नाही, `w.sum()` ने भागलंय. `N` ने भागलंत तर हानमध्ये सगळे आकडे निम्मे येतील.

गुंडाळी
सापडलं वाटतं! १००० मधला दर पाचवा नमुना ठेवला, म्हणजे २०० हर्ट्झ, १०.२४ सेकंद, हान लावली. तंबू गेला. मुख्य शिखर ४९.९ वर आहे आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन रेषा, ४९.५ आणि ५०.३. स्लिप मी समजत होतो त्यापेक्षा कमी निघाली का?

जुना_खटारा
अभिनंदन. बार तुटलाय, रोटर काढा.

लोलक
थांबा, रोटर काढू नका. टॅकोमीटर काय म्हणतो? १४७० च्या आसपास असेल तर स्लिप ०.४ टक्के असूच शकत नाही.

दर पाचवा नमुना उचलताना आधी फिल्टर लावला होता का? सप्लाय ४९.९ असेल तर तिसरा हार्मोनिक १४९.७ वर. २०० च्या सॅम्पलिंगला तो दुमडून २०० वजा १४९.७, म्हणजे ५०.३ वर येतो. पाचवा २४९.५ वर, त्यातून २०० गेले की ४९.५. तुमच्या दोन्ही रेषा याच. सप्लाय बरोबर ५० असता तर दोन्ही शिखराखाली लपल्या असत्या आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. खात्री करायची तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. आरपीएमवरून काढलेली स्लिप तीच असून हे अंतर बदललं, तर रेषा मोटरच्या नाहीत.

गुंडाळी
फिल्टर नव्हता. पाच-पाच नमुन्यांची सरासरी घेतली तर चालेल?

लोलक
नाही. त्या सरासरीने १५० फक्त १० डीबी दबतो, २५० जेमतेम १४. नीट एफआयआर लो-पास लावा. आणि २०० ऐवजी २५० वर उतरा, म्हणजे चुकून काही निसटलं तरी तिसरा १०० जवळ पडेल आणि पाचवा शून्याजवळ. ५० च्या अंगणात दोघेही येणार नाहीत.

हातोडी
हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या जुन्या फाइली पुन्हा उघडून बघतो.

गुंडाळी
काल पुन्हा मोजलं. एफआयआर लावून २५० वर उतरलो, २०४८ नमुने, ८.१९ सेकंद. ४९.५ आणि ५०.३ गायब. आता ४७.९ वर ४६ डीबी खाली आणि ५१.९ वर ४९ डीबी खाली, अशा दोन रेषा उभ्या आहेत. टॅकोमीटर १४६७ दाखवत होता, हिशोब बसतो. सप्लाय तेव्हाही ४९.९ होता.

विंडो मात्र मी चार पदांची ब्लॅकमन-हॅरिस ठेवतोय. हान लावूनही याच जागी याच उंचीच्या रेषा आल्या, पण ब्लॅकमन-हॅरिसमध्ये पायथा एकदम सपाट दिसतो आणि मला ते वाचायला सोपं जातं.

लोलक
भरल्या लोडला चालेल, रेषा १६ बिन लांब आहेत. पण तिचं शिखर चार-चार बिन पसरतं, म्हणजे अर्धा हर्ट्झ. हलक्या लोडला स्लिप अर्ध्या टक्क्यावर आली तर रेषा नेमकी त्या कडेवर येईल. हानमध्ये ती बाहेर राहिली असती.

आणि दर फेरीला लोड कमी-जास्त होत असेल, मध्ये गिअरबॉक्स असेल, तर तशाच रेषा बार शाबूत असतानाही उमटू शकतात. मोटरला काय जोडलंय?

गुंडाळी
हलक्या लोडला मोजणारच नाही, त्यामुळे विंडो तीच राहू दे. मध्ये गिअरबॉक्स आहे. त्याच्या बाहेरच्या शाफ्टची गती मोजून सांगतो.

पाचवा_गिअर
फ्लॅट-टॉप लावून एकदा बघाच.